हप्तेबंदीचा अर्ज

वऱ्हाडातल्या माणसाला अर्जाचे वावडे नाही. सातबाऱ्यावरील नजरचुकीपासून विहिरीवरच्या मोटारीच्या वीजजोडणीपर्यंत आणि पीकविम्याच्या भरपाईपासून अनुदानाच्या यादीत शेजाऱ्याचे नाव आले नि आपले का आले नाही या सनातन प्रश्नापर्यंत, त्याच्या आयुष्याचा बराचसा भाग ‘महोदय’ या शब्दापुढे स्वल्पविराम देऊन पुढे काय लिहावे याचे चिंतन करण्यात खर्ची पडलेला असतो. आणि ते चिंतन निष्फळ ठरलेच, तर तहसील कचेरीच्या आवारात टेबल टाकून बसलेला अर्जनवीस कोणत्याही दुःखाचा छापील नमुना आपल्या पेटीतून काढून देण्यास सिद्ध असतोच. परंतु या पेटीत ज्याचा नमुना सापडत नाही असा एक अर्ज आहे. घरचे उत्पन्न एकाएकी खालावल्यामुळे मुलाची फी एकरकमी न घेता हप्त्याहप्त्याने घ्यावी, अशी शाळेस विनंती करणारा पालकाचा अर्ज, हा तो अर्ज होय. सरकारपुढे गरिबी मांडताना आपल्याकडे कोणाला संकोच वाटत नाही, किंबहुना तेथे ती थोडी वाढवून मांडण्याचाच प्रघात आहे. पण शाळेपुढे तीच गरिबी मांडायची म्हणजे ज्या बाई आपल्याला शुक्रवारच्या बाजारात संभार निवडताना भेटतात त्यांच्यापुढे ती मांडणे आहे, आणि तेथे भल्याभल्यांची लेखणी अडते.

माझी उभी नोकरी सरकारी कचेरीत आवक-जावक करण्यात गेली असल्यामुळे, कोणताही कागद कोणत्या टेबलावर जाऊन मरतो याचे ज्ञान मला आहे अशी आमच्या मोहल्ल्याची श्रद्धा आहे. त्या श्रद्धेपोटीच 2021 च्या जून महिन्यात आमच्या घराशेजारचे बिछायत केंद्रवाले दाजी आपला मसुदा घेऊन माझ्या ओसरीवर आले. दाजी हे वस्तुतः माझे कोणीच नव्हेत. पण त्यांच्या पत्नीने, म्हणजे वहिनींनी, मला काकाजी म्हणावयास सुरुवात केल्यापासून ते आपोआप माझे दाजी झाले.

बिछायतीच्या धंद्याचे अर्थशास्त्र बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. मंडप, गाद्या, लोड, खुर्च्या, गंज आणि कढया यांचा हा व्यवहार चालतो तो इसारावर. तुळशीचे लग्न लागले की दिवसाला एक दोन पार्ट्या येतात, वैशाखाची तारीख धरतात आणि इसार देऊन जातात. त्या इसारातून नवे कापड येते, जुन्या बांबूंची डागडुजी होते, आणि बाकी रक्कम लग्न आटोपल्यावर, वधूपित्याच्या चेहऱ्यावरचा थकवा ओसरण्यापूर्वी वसूल करावी लागते. त्या वर्षी फेब्रुवारीतच आमच्या अमरावतीत टाळेबंदी लागली, शेजारी अकोल्यातही तीच गत झाली, आणि एप्रिलच्या उत्तरार्धात राज्याचा हुकूम निघाला की लग्नास पंचवीसच माणसे असावीत, सोहळा दोन तासांत उरकावा, आणि हे मोडणाऱ्यास पन्नास हजार रुपये दंड व्हावा. पंचवीस माणसे! वऱ्हाडी लग्नात पंचवीस माणसे तर रुसलेल्या जावयाची समजूत काढावयास जातात. पंचवीस जणांना मंडप कशाला, गाद्या कशाला, आणि वांग्याच्या भाजीचा गंज तर कशालाच कशाला? चौदा मेची आखाजी, जिच्यावर दाजींच्या सबंध वर्षाची मदार, ती कोरडीच गेली. एवढेच नव्हे, तर इसार दिलेल्या पार्ट्या तो परत मागू लागल्या, आणि तो इसार कापडात व बांबूंत केव्हाच रुजू झालेला होता. पगारदाराचे उत्पन्न आटले म्हणजे शून्यावर येते. दाजींचे शून्याच्याही खाली गेले होते.

अशा स्थितीत शाळेचा निरोप आला. कन्या सातवीत, शाळा इंग्रजी माध्यमाची, वर्षाची फी 42,000 रुपये. पैकी निम्मी जूनअखेर आणि निम्मी दिवाळीपूर्वी भरावी, न भरल्यास ऑनलाइन वर्गाच्या व्हॉट्सॲप समूहातून नाव वगळण्यात येईल. शाळेचे नाव मी येथे देत नाही. ती चांगली शाळा आहे, आणि फीचा निरोप लिहिताना चांगल्या शाळांचेही मराठी असेच होते.

दाजींच्या मसुद्यात तीन पाने होती. पहिल्या पानावर महामारीचे वर्णन, दुसऱ्यावर त्यांच्या कैलासवासी वडिलांनी डोक्यावर बांबू वाहून हा धंदा कसा उभा केला त्याचा इतिहास, आणि तिसऱ्यावर “लेकराच्या तोंडाकडे पाहून आपण काहीतरी सहानुभूतिपूर्वक करावे” अशी विनंती. हे ‘काहीतरी’ म्हणजे काय, फी माफ करावयाची की कमी करावयाची की लांबवावयाची, हे त्या तीन पानांत कोठेच नव्हते. जुन्या काळी नादारीचा अर्ज असे आणि तोही असाच लिहीत. पण नादारी मागणारा म्हणतो, मजपाशी नाही, आणि हप्ते मागणारा म्हणतो, मजपाशी आहे, पण आज नाही. दोन्ही गोष्टी एका कागदावर आल्या, की वाचणारा सोयीची तेवढी घेतो. म्हणजे हा मनुष्य माफी मागत आहे असे समजून माफी नाकारतो, आणि हप्त्यांचा विचार करण्याचे त्याला कारणच उरत नाही.

दुसरा मसुदा अकोल्याहून आला. तो मुलीच्या मामाचा. हे मामा अकोल्याच्या न्यायालयाजवळ झेरॉक्सचे दुकान चालवितात, आणि इतरांच्या दाव्यांच्या प्रती काढता काढता त्यांना कायद्याचे जे ज्ञान प्राप्त झाले आहे ते अनेक वकिलांना हेवा वाटावा असे आहे. “काकाजी, काहून हात जोडाचे? आपल्यापाशी जीआर आहे ना!” असे फोनवर गर्जून त्यांनी 8 मे 2020 चा शासननिर्णय धाडला. त्यात शाळांनी फी एकरकमी न मागता मासिक किंवा त्रैमासिक भरण्याचा पर्याय द्यावा, असे होते ही गोष्ट खरी. पण तो निर्णय मागल्या वर्षापुरता होता आणि त्या वर्षीच जूनमध्ये उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली होती, हे मामांच्या झेरॉक्समध्ये उमटले नव्हते. त्या मसुद्याचा शेवट “अन्यथा होणाऱ्या सर्व परिणामांस आपण वैयक्तिकरीत्या जबाबदार राहाल” असा होता. ज्याच्याकडून सवड हवी त्याला प्रथम आरोपी करावयाचे, ही पद्धत मला आमच्या कचेरीतही पाहावयास मिळे, आणि असे अर्ज आम्ही सर्वांत खाली ठेवीत असू.

तरीही मामांच्या पुडक्यात एक कागद उपयोगाचा निघाला. राजस्थानातील खाजगी शाळांच्या फीबाबत सर्वोच्च न्यायालयाने 3 मे 2021 रोजी निकाल दिला होता. त्यात फी थकली म्हणून मुलास वर्गात, मग तो ऑनलाइन का असेना, बसू न देणे किंवा त्याचा निकाल अडविणे यांस मनाई होती, आणि एखाद्या पालकाने अडचण मांडून अर्ज केला तर शाळेने त्या एका प्रकरणाचा स्वतंत्रपणे व सहानुभूतीने विचार करावा असेही म्हटले होते. निकाल राजस्थानचा आणि मागील वर्षाच्या फीपुरता, म्हणून अमरावतीच्या शाळेवर तो उगारण्यात अर्थ नव्हता. पण अर्जाच्या शेवटी त्याची एक ओळ नम्रपणे ठेवून देण्यास हरकत नव्हती. मामांना वाटले, निकालाची सारी पाने जोडावी. मी म्हटले, मुख्याध्यापकांना वाचावयास लावाल तर ते आपल्या वकिलाला वाचावयास लावतील, आणि मग तुमच्या भाचीची फी हप्त्याने भरण्याऐवजी तुम्हीच वकिलाची फी हप्त्याने भराल.

पुरावा काय जोडावा, हा पुढचा प्रश्न. दाजी म्हणाले, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला काढतो. अर्जाच्या जगात उत्पन्नाच्या दाखल्याइतका मानाचा कागद नाही, हे मीही मानतो. पण त्याची एक गंमत आहे. तो सरलेल्या वर्षाचे उत्पन्न सांगतो. ज्याचे उत्पन्न गेल्या दोन महिन्यांत कोसळले त्याच्या हाती तो गतवैभवाचेच प्रमाणपत्र देतो, आणि शाळेचा लेखनिक तो पाहून म्हणतो, “हे तर बरं हाय की तुमचं!” एकाएकी झालेल्या नुकसानीला दाखला लागतो तो नुकसानीच्याच महिन्यांचा. म्हणून मी दाजींना बँकेचे पासबुक आणि तारखांची वही आणावयास सांगितले. पासबुकातील 2019 चा एप्रिल-मे आणि 2021 चा एप्रिल-मे, अशी दोन पाने समोरासमोर ठेवली की भाषणाची गरज राहत नाही. आणि वही तर बोलकीच होती: वैशाखातील एकेक तारीख, तिच्यापुढे पार्टीचे गाव, कोठे बडनेरा, कोठे दर्यापूर, कोठे मूर्तिजापूर, पुढे इसाराचा आकडा, आणि त्या साऱ्यांवर वहिनींच्या हातची तांबडी रेघ, रेघेशेजारी ‘वापस’ असा शेरा.

ही वही चाळतानाच एक गोष्ट उघडकीस आली, आणि ती मी केवळ नोंद म्हणून सांगतो. 2020 च्या जानेवारीत याच शाळेच्या स्नेहसंमेलनाचा मंडप दाजींनीच घातला होता. त्याची बाकी शाळेने तीन चुकाऱ्यांत दिली होती. शेवटचा चुकारा त्याच वर्षी दिवाळीनंतर. वहिनींनी त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवला. “हे लिवा ना अर्जात,” असे त्या म्हणाल्या. मी ते लिहिले नाही. आपण विनंती करीत आहोत, हिशेब चुकता करीत नाही, असे मी त्यांना समजाविले. मात्र जाताना वही पिशवीत असू द्यावी, एवढे मान्य केले.

आता अर्जाचा खरा गाभा, म्हणजे तारखा. वऱ्हाडातला पैसा महिन्याच्या एक तारखेला येत नाही, हे येथे शाळा काढणाऱ्या थोरांना ठाऊक असूनही फीचे वेळापत्रक मात्र मुंबईच्या पगारदारासाठी केलेले असते. आमच्याकडे जून हा पैसा घरातून बाहेर जाण्याचा महिना आहे. बियाणे, खत, ट्रॅक्टरचे भाडे, सारे तेव्हाच. पैसा येतो तो दसऱ्यानंतर सोयाबीनचा, मग कापसाचा, आणि सर्वांत शेवटी तुरीचा. खुद्द सरकारने 1972 साली कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली तेव्हा शेतकऱ्याला पैसे चुकाऱ्याचुकाऱ्यांनीच मिळत, आणि दुसरा चुकारा कधी येणार हा वऱ्हाडातील पारावरचा एक अक्षय विषय होता. तेव्हा हप्ते पाडावयाचे ते बारा समान भाग करून नव्हे, तर पैसा ज्या तारखेला घरात येईल तिच्यामागे आठ-दहा दिवसांची सवड ठेवून पाडले पाहिजेत. समान हप्ते कागदावर शोभतात, आणि दुसऱ्याच महिन्यात तुटतात; आणि एक हप्ता तुटला, की राहिलेल्या अर्जाला किंमत राहत नाही.

दाजींच्या वाट्याला चार एकर शेत आहे, त्यात सोयाबीन. त्यांनी लगेच तोंडी हिशेब केला: एकरी पाच पोते, सात हजारांचा भाव, म्हणजे एक लाख चाळीस हजार, म्हणजे फी एका दमात! त्या जूनमध्ये भाव खरोखरच सात हजारांच्या घरात होता. वहिनी स्वयंपाकघरातून आल्या आणि म्हणाल्या, “भाव आज आहे, सोयाबीन आज आहे का?” त्यांनी एकरी चारच क्विंटल धरले आणि भाव धरला तो हमीभाव, 3,950 रुपये. सोळा क्विंटलचे झाले 63,200. त्यातून बियाणे-खताची उधारी, सोंगणी आणि मळणी वजा करून, वर ज्यांचा इसार अद्याप परत करावयाचा होता त्यांचेही काढून ठेवून, शाळेसाठी त्यांनी 16,000 बाजूस काढले. दाजींचा चेहरा उतरला. पण पुढे ऑगस्टात सोयाबीन दहा हजारांना भिडले आणि माल निघण्याच्या सुमारास पाच हजारांवर येऊन बसले, तेव्हा ज्यांनी सात हजारांवर संसार मांडला होता त्यांचे काय झाले ते बाजार समितीच्या फाटकाशी उभे राहिल्यास ऐकू येत होते.

दाजी त्या दिवसांत एका ठोक व्यापाऱ्याच्या मालवाहू ऑटोवर जात होते, वहिनी शिवणकाम करीत होत्या. त्यातून महिन्याला 2,000 निघत. तुळशीच्या लग्नानंतर थोडीफार लग्ने धरली तर 3,000. एवढे निश्चित झाल्यावर अर्ज लिहावयास अर्धा ताससुद्धा लागला नाही. तो असा:

“मा. मुख्याध्यापक यांस, विषय: इयत्ता सातवीची सन 2021-22 ची फी हप्त्यांनी भरण्यास परवानगी मिळणेबाबत. महोदय, माझी मुलगी (हजेरीपटावरील नाव, तुकडी व रजिस्टर क्रमांक) आपल्या शाळेत शिकते. माझा बिछायत केंद्राचा व्यवसाय असून एप्रिल व मे महिन्यांतील सर्व लग्ने रद्द झाल्याने उत्पन्न थांबले आहे व घेतलेला इसार परत करावा लागत आहे. पासबुकाच्या व नोंदवहीच्या प्रती सोबत आहेत. मी फीमाफी मागत नाही. एकूण 42,000 रुपयांपैकी 4,000 आज भरीत आहे. जुलै ते ऑक्टोबर दरमहा दहा तारखेस 2,000, सोयाबीन विकल्यावर 15 नोव्हेंबरला 16,000, डिसेंबर ते फेब्रुवारी दरमहा 3,000 आणि 15 मार्चला उरलेले 5,000 भरीन. एखाद्या हप्त्यास अडचण आल्यास तारखेपूर्वी लेखी कळवीन. या मुदतीत विलंब शुल्क आकारू नये, मुलीचा वर्ग चालू ठेवावा व निकाल राखू नये, आणि आपला निर्णय कृपया लेखी कळवावा, ही विनंती.” खाली राजस्थानच्या निकालाची ती एक ओळ, सही, तारीख.

मामांना हा अर्ज फारच मवाळ वाटला आणि दाजींना फारच कोरडा. दाजींची इच्छा होती की निदान वडिलांचा बांबू तरी ठेवावा. पण मुख्याध्यापकाला फी माफ करण्याचा अधिकार बहुधा नसतो, तारखा मान्य करण्याचा असतो. आणि तो ज्या कागदावर सही करणार तो कागद त्याला उद्या संस्थेच्या सचिवापुढे ठेवावयाचा असतो. सचिवाला बांबूत रस नसतो, मार्चअखेर बाकी शून्य दिसते की नाही एवढेच तो पाहतो. म्हणून एक प्रत मुख्याध्यापकांस, एक सचिवांस, आणि तिसरी पोच घेण्यासाठी आपल्यापाशी. मुलीच्या हाती अर्ज पाठवू नये हेही मी बजावले. बापाची अडचण दप्तरात घालून नेणे हा कोणत्याही इयत्तेचा अभ्यासक्रम नाही.

शाळेच्या कार्यालयात लेखनिकाने अर्ज वाचून “बघू, साहेबाले सांगतो” असे म्हटले. ‘बघू’ हे उत्तर नव्हे. ज्या अर्जावर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक नाही तो अर्ज दिलेलाच नाही, हे मी आधीच पढवून ठेवले असल्यामुळे वहिनी पोच मिळेपर्यंत काउंटरपासून हलल्या नाहीत. पोच मिळाली. मग मुख्याध्यापकांनी दोघांना आत बोलाविले आणि दोन पर्याय सुचविले. पहिला, शाळेशी करार असलेली एक वित्तकंपनी फी एकदम भरते आणि पालक कंपनीला हप्ते देतो. ऐकावयास हे गोड असते. पण तो शाळेने दिलेला हप्ता नसून पालकाने काढलेले कर्ज असते, आणि तेथे सोयाबीन भिजले म्हणून कोणी थांबत नाही. दाजींनी ते नम्रपणे नाकारले. दुसरा, सर्व हप्त्यांचे पुढील तारखांचे धनादेश आजच द्यावेत. हे अधिक धोक्याचे. कारण धनादेश वटला नाही तर फीचा प्रश्न शाळेतून उठून फौजदारी न्यायालयात जाऊन बसतो. वहिनी म्हणाल्या, “सर, चेक तुम्हाले देऊन ठेवले अन पाऊस आलाच नाई, तर चेकवर कोन सही करन, देव?” मुख्याध्यापक हसले. माणूस चांगला होता. त्यांनी अर्जाच्या समासात ‘वरीलप्रमाणे मंजूर’ असे लिहून सही केली, आणि त्यात शाळेचे काहीच गेले नाही.

हप्ते ठरल्याप्रमाणे जात राहिले. 12 ऑगस्टला राज्यशासनाने त्या वर्षीच्या फीत पंधरा टक्के कपात करण्याचा निर्णय काढला. काही संस्थांनी त्याविरुद्ध न्यायालयाची वाट धरली, मामांनी अकोल्याहून त्याच्या चार प्रती धाडल्या, आणि दाजींच्या शाळेने बऱ्याच कां-कूं नंतर तो मानला. 42,000 चे पंधरा टक्के म्हणजे 6,300, राहिले 35,700. फी एकरकमी भरून मोकळे झालेले पालक आता ती कपात परत मिळविण्यासाठी नवे अर्ज लिहीत होते, आणि दाजींना फक्त वेळापत्रकाचे शेपूट छाटावे लागले: मार्चचे 5,000 गेले, आणि फेब्रुवारीत 3,000 च्या जागी 1,700 उरले.

ते 1,700 भरावयास वहिनी स्वतः गेल्या. पावती हाती आली तीत 1,700 खाली ‘विलंब शुल्क 50’ अशी ओळ होती. लेखनिक बदलला होता, आणि नव्या लेखनिकाच्या संगणकाला जूनमधली ती समासातली सही ठाऊक नव्हती. पावत्या घरी जाऊन वाचणारे लोक अशा वेळी हकनाक फसतात. वहिनींनी ती काउंटरवरच वाचली. पोचेची प्रत काढून दाखविली, तरी लेखनिक म्हणाला, सिस्टिममध्ये तसे दिसत नाही. तेव्हा वहिनींनी पिशवीतून तारखांची वही काढली, दुमडलेल्या कोपऱ्याचे पान उघडले, स्नेहसंमेलनाच्या तीन चुकाऱ्यांवर बोट ठेवले आणि विचारले, “हे विलंब शुल्क दोन्हीकडून लागते का जी, का एकाच बाजूनं?”

पन्नास रुपयांची ओळ खोडून नवी पावती देण्यास लेखनिकाला फारसा वेळ लागला नाही.